थेंब कुठे पडतो

पशुवैद्यकीय परजीवीशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होते, तेव्हा दर शनिवारी विभागात एकेकाला सेमिनार द्यावा लागे. पंधरा मिनिटं बोलायचं आणि मग प्रश्नांना तोंड द्यायचं. माझ्या वाट्याला आला तो चागास रोग, आणि त्यातलाही एकच भाग: ट्रायटोमाइन जातीचे ढेकूण ट्रिपॅनोसोमा क्रूझी हा परजीवी माणसाच्या अंगात कसा सोडतात. रोग लॅटिन अमेरिकेतला. जगभरात साठ-सत्तर लाख लोकांच्या अंगात हा परजीवी असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच होत नाही. पण साधारण तिघा-चौघांत एकाचं हृदय पुढे निकामी होत जातं, काहींची अन्ननलिका नाहीतर मोठं आतडं फुगून लुळं पडतं.

विदर्भातल्या कॉलेजात हा विषय कशासाठी, असं वर्गातल्या एकाने सरळ विचारलं. सर म्हणाले, "आपल्याकडे ट्रिपॅनोसोमा म्हटलं की सर्रा, आणि सर्रा म्हटलं की गोमाशीचा चावा. तुम्हा सगळ्यांच्या डोक्यात चावाच बसलाय. हिने तो पंधरा मिनिटांत काढून दाखवावा."

सरांचं म्हणणं खरं होतं. सर्रा आमच्या ओळखीचा. बैल, म्हशी, घोडे, उंट यांच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी असतो. गोमाशी आजारी जनावराचं रक्त पीत असताना जनावर शेपटी मारतं, माशी उडते, शेजारच्या जनावरावर बसते आणि सोंडेवरचं ओलं रक्त त्याच्या जखमेत जातं. माशीच्या पोटात परजीवीचं काहीही घडत नाही; ती नुसती सुई. माणसाला हा रोग सहसा होत नाही, कारण आपल्या रक्तद्रवातलं एक प्रथिन या परजीवीला मारतं. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात इव्हान्सी सापडला तेव्हा म्हणूनच सगळे चकित झाले, आणि पुढच्या तपासणीत कळलं की त्या माणसाच्या रक्तात नेमकं ते प्रथिनच नव्हतं. आमच्या विभागात ही गोष्ट प्रत्येक तुकडीला सांगितली जाई.

पुस्तकात सर्राच्या शेजारीच आफ्रिकेतला निद्रारोग असतो. तिथे त्सेत्से माशीच्या पोटात परजीवी वाढतो, पुढे सरकत लाळग्रंथींत पोचतो आणि माशी चावली की लाळेबरोबर अंगात उतरतो. म्हणजे पुन्हा तोंडच. या दोन रोगांनंतर चागासचं पान उघडणारा विद्यार्थी चित्रातला बाण किड्याच्या सोंडेपासूनच काढतो. विभागात भिंतीवर लावलेल्या एका जुन्या तक्त्यावरही बाण तसाच होता.

तयारीची सुरुवात मी पुस्तकांपासून न करता विभागाच्या लाकडी पेटीपासून केली. कीटकांच्या त्या पेटीत टाचणीला लावलेला एक ट्रायटोमा रुब्रोफॅसिआटा होता. हा भारतात सापडणारा ट्रायटोमाइन. जुन्या बंदरांमधून, गोदामांमधून, उंदरांच्या मागे मागे जगभर पसरलेला. भिंगाखाली धरला तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरला तो आकार. बिछान्यातला ढेकूण पाच-सहा मिलिमीटरचा, हा दोन सेंटिमीटरहून मोठा. गडद तपकिरी अंग, पंखांच्या बाहेर डोकावणारी पोटाची कड नारिंगी-तांबडी. डोकं लांबट, निमुळतं. त्याच्या खाली दुमडून ठेवलेली तीन भागांची सरळ, बारीक सोंड. ही सोंड नीट पाहावी. याच कुळातले इतर किडे दुसऱ्या किड्यांना भोसकून खातात, त्यांची सोंड जाड आणि बाकदार असते. झाडांचा रस पिणाऱ्या ढेकणांची चार भागांची असते. घरात सापडलेला किडा रक्तपिपासू आहे की निरुपद्रवी, हे पंख आणि रंगांपेक्षा सोंड पाहून लवकर कळतं.

सोंड पाहून झाल्यावर मी किडा उलटा फिरवला आणि पोटाचं मागचं टोक पाहत बसले, कारण माझा सगळा विषय तिथे होता.

ट्रायटोमाइन ढेकूण अंड्यातून बाहेर आल्यापासून मरेपर्यंत रक्तावर जगतो. पिल्लाच्या पाच अवस्था, मग प्रौढ. नर आणि मादी दोघंही रक्त पितात. आजारी प्राण्याच्या रक्ताबरोबर क्रूझीचे जंतू त्याच्या पोटात जातात. तिथे ते आपलं रूप बदलतात आणि आतड्याच्या मधल्या भागात भराभर वाढतात. वाढत वाढत मागे सरकतात. शेवटी गुदाशयाच्या भिंतीपाशी येतात. कीटकाच्या आतड्याच्या या शेवटच्या भागाला आतून बाहेरच्या कातडीसारखंच पातळ, मेणचट अस्तर असतं. जंतू आपल्या शेपटीने या अस्तराला चिकटतात आणि तिथे त्यांचं शेवटचं रूपांतर होतं. या रूपाला मेटासायक्लिक म्हणतात. ते स्वतः वाढू शकत नाही, पण ढेकणातल्या रूपांपैकी सस्तन प्राण्याच्या पेशीत घुसण्याची ताकद त्याच्यात असते. रक्त प्याल्यापासून इथपर्यंत यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. एकदा संसर्ग झाला की तो ढेकूण बहुधा आयुष्यभर जंतू बाळगतो. पिल्लू कात टाकून मोठं झालं तरी जंतू जात नाहीत.

या सगळ्या प्रवासात क्रूझी आतड्याची भिंत ओलांडत नाही. लाळग्रंथी आतड्याच्या बाहेर, छातीच्या भागात असतात. तिथपर्यंत जायचं तर भिंत फोडून शरीरद्रवात उतरायला हवं, आणि ते तो करत नाही. म्हणून लाळेत तो नसतो. ढेकूण चावतो तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त गोठू न देणारी आणि जागा बधिर करणारी द्रव्यं येतात, परजीवी येत नाही.

हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मग त्याला बाहेर पडायची घाई का? ढेकूण रक्त पिऊन फटीत जाईल आणि तिथे विष्ठा टाकेल. माणसाशी संबंध काय?"

या प्रश्नाचं उत्तर परजीवीशास्त्राच्या पुस्तकात मला धड मिळालं नाही. मिळालं ते कीटकांच्या शरीरक्रियेच्या पुस्तकात. 1930च्या दशकात इंग्लंडमध्ये विगल्सवर्थ यांनी ऱ्होडनिअस प्रोलिक्सस या ट्रायटोमाइनवर काम केलं होतं. त्यांना चागास रोगात रस नव्हता; कीटकाची मूत्रनलिका कशी चालते हे त्यांना पाहायचं होतं. ऱ्होडनिअसचं पाचव्या अवस्थेतलं पिल्लू एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या आठ-दहा पट रक्त पिऊ शकतं. पोट फुग्यासारखं ताणलं जातं. अशा अवस्थेत त्याला पळता येत नाही, आणि जागा झालेला माणूस त्याला एका चापटीत मारू शकतो. रक्तात उपयोगाचं जे आहे ते पेशींमध्ये. उरलेलं बरंचसं पाणी आणि मीठ. तेव्हा ते पाणी तातडीने फेकून देण्याची व्यवस्था त्याच्या शरीरात आहे. पोट ताणलं की संप्रेरकं सुटतात, मूत्रनलिका जोरात काम करायला लागतात आणि काही मिनिटांतच मागून थेंब पडायला लागतात. पुढच्या काही तासांत प्यालेल्या रक्ताचं जवळजवळ निम्मं वजन असं लघवीवाटे निघून जातं.

कीटकांमध्ये लघवी आणि विष्ठा एकाच वाटेने, गुदाशयातून बाहेर येतात. आधी तिथे साठलेली गडद विष्ठा निघते, मग पांढुरकं यूरिक ॲसिड, मग स्वच्छ पाणी. गुदाशयाच्या अस्तरापाशी तयार झालेले मेटासायक्लिक जंतू या लोंढ्यात धुवून निघतात. शुद्ध लघवीच्या थेंबात त्यांचं प्रमाण गडद विष्ठेतल्यापेक्षा जास्त भरतं. ढेकणाला हलकं व्हायची घाई आहे, आणि परजीवी नेमका त्याच दारापाशी बसलेला आहे. एवढं जमलं की सरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. सेमिनारमध्ये मी सर्वांत जास्त वेळ इथेच घालवला, आणि आज शिकवतानाही इथेच घालवते.

मग एका रात्रीचा हिशेब फळ्यावर मांडला. जागा उत्तर अर्जेंटिनातला ग्रान चाको हा कोरडा, काटेरी झुडपांचा प्रदेश. घर मातीच्या विटांचं, वर गवत आणि मातीचं छप्पर. भिंतीला तडे गेलेले. ढेकूण ट्रायटोमा इन्फेस्टान्स, तिथल्या लोकांच्या भाषेत विंचुका. भिंतीवर तड्यांच्या तोंडाशी काळे-पांढरे ओघळ असतात. ते याच ढेकणांच्या विष्ठेचे, आणि घरात ढेकूण आहेत की नाहीत हे तपासणारा कर्मचारी आधी हे ओघळ शोधतो. अंगणात कोंबड्या आहेत. कोंबड्यांच्या रक्तावर ढेकूण पोसले जातात, पण पक्ष्यांच्या रक्तात क्रूझी जगत नाही. दारात कुत्रा आहे. कुत्र्याच्या रक्तात तो उत्तम जगतो. महिन्याभरापूर्वी ढेकणाचं एक पिल्लू या कुत्र्याचं रक्त प्यालं. आता त्याच्या गुदाशयात मेटासायक्लिक तयार आहेत.

मध्यरात्री ते भिंतीतून उतरतं. पांघरुणाबाहेर राहिलेला चेहरा उघडा मिळतो, कारण बाकी अंग झाकलेलं असतं. ते गालावर सोंड टेकवतं. झोपलेल्या मुलाला काही कळत नाही. दहा-पंधरा मिनिटं ते पीत राहतं, कधी याहूनही जास्त. पोट फुगतं. पिणं संपता संपता किंवा संपल्यावर थोड्याच वेळात ते मागे वळतं आणि तिथेच, गालावर, एक थेंब सोडतं. नंतर भिंतीकडे निघून जातं. या क्षणापर्यंत मुलाला संसर्ग झालेला नाही. चावा झाला, थेंबही पडला, पण अखंड कातडीतून क्रूझीला आत शिरता येत नाही. त्याला वाट हवी: चाव्याचं छिद्र, ओरखडा, नाहीतर डोळा आणि तोंड यांची ओली त्वचा. लाळेमुळे गाल खाजायला लागतो. मूल झोपेतच खाजवतं, थेंब पसरतो, तोच हात डोळ्याला लागतो. संसर्ग झाला तो इथे. शेवटचं काम ढेकणाने केलेलं नसतं, मुलाच्या हाताने केलेलं असतं.

आठवड्या-दोन आठवड्यांनी त्या बाजूचा डोळा सुजतो. दोन्ही पापण्या जांभळट होतात, दुखत मात्र नाहीत, आणि त्याच बाजूला कानापुढची गाठ वाढते. अर्जेंटिनात सेसिलिओ रोमान्या यांनी 1935 मध्ये हे लक्षण नीट मांडलं आणि त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. इथे फसायला होतं. ढेकणाच्या लाळेच्या ॲलर्जीनेही डोळा सुजतो. पण ती सूज काही तासांत येते, खाजते आणि चार दिवसांत उतरते. रोमान्याची सूज उशिरा येते, खाजत नाही, आठवडे टिकते. खात्री करायची तर या काळात रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा; ताज्या संसर्गात जंतू रक्तात दिसतात. रंगवलेल्या काचेवर क्रूझी बहुधा इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला असतो आणि त्याच्या मागच्या टोकाला काइनेटोप्लास्टचा ठळक गोल ठिपका असतो. आमच्याकडच्या इव्हान्सीत हा ठिपका इतका बारीक असतो की शोधावा लागतो. मी दोन्ही काचा शेजारी शेजारी लावून ठेवल्या होत्या. सेमिनारनंतर मुलांनी रांग लावून पाहिल्या, आणि हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुन्हा सांगावा लागत नाही. अर्थात सगळ्याच रुग्णांत डोळा सुजत नाही. बहुतेकांना संसर्ग झाल्याचं कळतही नाही.

हे शोधायला माणसांना किती वेळ लागला, तेही मी सांगितलं. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात रेल्वेचं काम चालू होतं आणि मजूर हिवतापाने आजारी पडत होते, म्हणून कार्लोस चागास हे तरुण डॉक्टर लासांस नावाच्या गावी गेले. रेल्वेच्या एका इंजिनिअरने त्यांना झोपड्यांमधला हा रक्त पिणारा किडा दाखवला. चागासनी त्याचं पोट उघडलं आणि त्यांना आतड्याच्या मागच्या भागात शेपटीवाले जंतू दिसले. रिओ द जानेरोला ओस्वाल्दो क्रूझ यांच्याकडे किडे पाठवले. तिथे माकडांना संसर्ग झाला. एप्रिल 1909 मध्ये बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात चागासना तोच जंतू सापडला. जंतू, वाहक कीटक आणि रोग, तिन्ही एकाच माणसाने शोधले. बेरेनिस सत्तरी ओलांडेपर्यंत जगली आणि 1981 मध्ये दुसऱ्याच कारणाने वारली. तिच्या रक्तातून हा परजीवी 1962 मध्ये आणि पुन्हा 1978 मध्ये वेगळा काढता आला. एकदा आत गेलेला क्रूझी किती चिवट असतो, याचा याहून मोठा पुरावा मी पाहिलेला नाही.

पण आतड्याच्या मागच्या भागात जंतू पहिल्यांदा पाहिलेल्या चागासनीच प्रसार चाव्यातून होतो असं मानलं. हिवताप डासाच्या लाळेतून जातो हे तेव्हा नुकतंच सिद्ध झालेलं होतं आणि सगळं शास्त्र त्याच वाटेने विचार करत होतं. 1912 मध्ये फ्रेंच परजीवीशास्त्रज्ञ एमिल ब्रुम्प्त यांनी विष्ठेचा मार्ग मांडला. नंतर ब्राझीलमध्ये इमान्युएल डिआस यांनी 1930च्या दशकात बारकाईने काम करून तो पक्का केला. ब्रुम्प्त यांनी या माहितीचा एक विलक्षण उपयोगही केला. रुग्णाच्या रक्तात जंतू इतके थोडे असतात की काचेवर दिसत नाहीत. तेव्हा प्रयोगशाळेत वाढवलेले स्वच्छ ढेकूण एका डबीत घालून, जाळीचं तोंड रुग्णाच्या हाताला लावून, त्यांना रक्त पिऊ द्यायचं. मग महिन्या-दोन महिन्यांनी त्यांची विष्ठा तपासायची. पोटात वाढून जंतू तिथे भरपूर जमलेले असतात. ही तपासणी पुढे कित्येक दशकं वापरात होती.

यानंतर मी जो आकडा सांगितला त्याने सगळे सरसावून बसले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज बांधला गेला की संसर्ग असलेल्या ढेकणाशी साधारण 900 ते 4,000 वेळा गाठ पडते तेव्हा माणसाला एकदा संसर्ग होतो. डासाच्या हिशेबाने विचार करणाऱ्याला हे अविश्वसनीय वाटेल. पण मार्ग आठवला की उलगडतं. थेंब वेळेवर पडायला हवा, अंगावर पडायला हवा, वाळण्याआधी जखमेपर्यंत किंवा डोळ्यापर्यंत पोचायला हवा. एवढ्या गोष्टी जुळून येणं अवघडच. तरी रोग टिकतो, कारण तडे गेलेल्या घरात ढेकूण शेकडोंनी असतात आणि माणूस तिथे वर्षानुवर्षं रोज झोपतो.

याच हिशेबाने कोणती जात घातक हेही ठरतं. इन्फेस्टान्स आणि ऱ्होडनिअस प्रोलिक्सस पिता पिता किंवा लगेच विष्ठा टाकतात. या दोन जातींनी लॅटिन अमेरिकेत सर्वाधिक संसर्ग पसरवले. कॅलिफोर्नियातला ट्रायटोमा प्रोट्रॅक्टा बऱ्याचदा पिऊन झाल्यावर बाजूला जातो आणि मग विष्ठा टाकतो. त्याच्या पोटातही क्रूझी सापडतो, लोकांना तो चावतोही, पण त्याच्याकडून माणसाला झालेले संसर्ग अगदी मोजके आहेत. अमेरिकेतली पक्की घरं हे दुसरं कारण आहेच. तरीही दोन ढेकणांमधला फरक काही मिनिटांचा आहे आणि त्या मिनिटांवर माणसांचं आरोग्य अवलंबून आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

चाव्याशिवायही रोग होतो, याचा पुरावा व्हेनेझुएलातून आला. डिसेंबर 2007 मध्ये काराकासच्या चाकाओ भागातल्या एका शाळेत मुलं आणि शिक्षक आजारी पडले. ताप, सुजलेले चेहरे, हृदयावर परिणाम. शंभराहून अधिक जणांना क्रूझीचा संसर्ग झालेला निघाला, एक मूल दगावलं. शोध घेता घेता पेरूच्या रसापर्यंत माग लागला. रस घरी काढून शाळेत आणला जात होता आणि त्यात ढेकणाची विष्ठा किंवा ढेकूणच मिसळला गेला असावा. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात 2005 मध्ये उसाच्या रसातून असाच उद्रेक झाला होता. तिथे उसाबरोबर ढेकूण चरकात चिरडले गेले. अशा रुग्णांना कोणी चावलेलं नसतं. जंतू पोटाच्या आतल्या नाजूक अस्तरातून शिरतात, एकाच वेळी पुष्कळ शिरतात, आणि म्हणून आजारही जास्त तीव्र होतो. ॲमेझॉनच्या भागात आज नवे रुग्ण बऱ्याचदा असे, अन्नातूनच होतात.

प्रश्नांना सुरुवात झाली. पहिला प्रश्न एका ज्युनिअरचा होता. "ताई, मग ढेकणाच्या लाळेत ट्रिपॅनोसोमा दिसला तर?"

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर असं की ऱ्होडनिअसच्या लाळेत ट्रिपॅनोसोमा दिसू शकतो, पण तो क्रूझी नसतो. तो ट्रिपॅनोसोमा रँजेली असतो. तोही त्याच ढेकणांत, त्याच प्रदेशात, त्याच माणसांत सापडतो. तो आतड्याची भिंत ओलांडून शरीरद्रवात उतरतो, लाळग्रंथींत जातो आणि खरोखर चाव्यातून माणसात येतो. माणसाला त्याचा त्रास होत नाही. उलट ढेकणालाच तो मारक ठरतो. पंचाईत तपासणाऱ्याची होते. गोळा केलेल्या ढेकणाचं पोट चिमट्याने हलकेच दाबून मागून आलेला थेंब मिठाच्या पाण्यात घालून काचेवर पाहायचा, ही नेहमीची रीत. आतड्यात रँजेलीही असतोच, तेव्हा नुसते वळवळणारे जंतू दिसले म्हणून क्रूझी म्हणता येत नाही. पाय तोडून निघणाऱ्या शरीरद्रवाचा थेंब शेजारी पाहावा. तिथेही जंतू असतील तर रँजेलीचा संशय घ्यावा. शेवटचा निकाल डीएनए चाचणीचा.

दुसरा प्रश्न सरांनी विचारला आणि पेटीकडे बोट दाखवलं. "हा आपला ट्रायटोमा काय करतो?"

रुब्रोफॅसिआटा भारतात उंदरांच्या बिळांत आणि जुन्या गोदामांत राहतो. उंदरांना तो ट्रिपॅनोसोमा कोनोऱ्हिनी नावाचा परजीवी देतो, आणि तोही विष्ठेतूनच. विष्ठेची वाट आपल्या अंगणात नवी नाही. उंदरांतला ट्रिपॅनोसोमा लेविसी पिसवांच्या विष्ठेतून पसरतो, उंदीर अंग चाटतो तेव्हा तो आत जातो. याशिवाय लिन्शकॉस्टिअस हा ट्रायटोमाइनचा अख्खा गट केवळ भारतात सापडतो. क्रूझीचा इथला स्थानिक संसर्ग मात्र आढळलेला नाही. रुब्रोफॅसिआटाच्या चाव्याने काहींना तीव्र ॲलर्जी होते, श्वास अडकण्यापर्यंत वेळ येते. आपल्याकडे त्याची खरी भीती तेवढी आहे.

तिसरा प्रश्न उपायांचा. इन्फेस्टान्स जवळजवळ पूर्णपणे घरातच राहतो, जंगलात फारसा जात नाही. म्हणून घरांच्या भिंतींवर कीटकनाशक फवारून आणि तडे लिंपून त्याला हटवता येतं. दक्षिण अमेरिकेतल्या देशांनी 1991 मध्ये एकत्र मोहीम हाती घेतली. उरुग्वे 1997 मध्ये, चिली 1999 मध्ये आणि ब्राझील 2006 मध्ये या जातीमार्फत होणाऱ्या प्रसारातून मुक्त जाहीर झाले. चाकोच्या कोरड्या भागात मात्र ढेकणांनी पायरेथ्रॉइड कीटकनाशकांना दाद देणं सोडलं आहे आणि तिथे लढाई चालूच आहे. रानात राहणाऱ्या, दिव्याला भुलून घरात येणाऱ्या जातींवर फवारणीचा उपाय चालत नाही. तिथे रस झाकून ठेवणं आणि फळं नीट धुणं हाच बचाव.

सेमिनार संपल्यावर सरांनी भिंतीवरचा तो तक्ता काढायला लावला. नवा तक्ता मी काढला: बाण ढेकणाच्या मागच्या टोकापासून निघतो, थेंबापर्यंत जातो, थेंबापासून बोटापर्यंत आणि बोटापासून डोळ्यापर्यंत.

आता मी शिकवते, आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे की वर्गातली चित्रं एकदा तपासून घ्या. चागास रोगाच्या पानावर बाण सोंडेपासून निघत असेल तर तो खोडा. आणि घरात, गोदामात किंवा उंदरांच्या बिळाजवळ दोन सेंटिमीटरचा, नारिंगी कडेचा, सरळ सोंडेचा किडा दिसला तर हाताने चिरडू नका. कागदाने उचलून बाटलीत घाला, कुठे आणि कधी सापडला ते चिठ्ठीवर लिहा आणि जवळच्या प्राणिशास्त्र विभागात नेऊन द्या.